रॅनबॅक्सीच्या फायली आणि तीन कसोट्या

ऑगस्ट २००४ मध्ये गुडगावच्या रॅनबॅक्सी लॅबोरेटरीज या औषध कंपनीत संशोधन विभागाचे प्रमुख राजिंदर कुमार यांनी आपल्या हाताखालच्या दिनेश ठाकूर यांना एक काम सांगितले. कंपनीने जगभरच्या औषध नियंत्रकांना जी माहिती सादर केली आहे, तिच्यामागे प्रयोगशाळेतल्या मूळ नोंदी आहेत की नाहीत, ते प्रत्येक देशाचे आणि प्रत्येक औषधाचे तपासायचे. ठाकूर वर्षभरापूर्वीच अमेरिकेतली ब्रिस्टल-मायर्स स्क्विबमधली नोकरी सोडून इथे आले होते. या चौकशीला कारणही तसेच होते. कंपनीसाठी चाचण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेतली एड्सच्या औषधांची आकडेवारी जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासनिसांना संशयास्पद वाटली होती आणि संघटनेने त्याच महिन्यात रॅनबॅक्सीची तीन औषधे आपल्या मान्यताप्राप्त यादीतून काढून टाकली होती.

ठाकूर यांच्या गटाला जे आढळले ते एका प्रयोगशाळेपुरते नव्हते. कॅथरिन इबन या अमेरिकी पत्रकार महिलेने पुढे या प्रकरणावर सविस्तर लिहिले. त्यानुसार दोनशेहून अधिक उत्पादने आणि चाळीसहून अधिक देश यांच्या बाबतीत काही ना काही बनावट निघाले. कुमार यांनी हे सारे संचालकांच्या समितीपुढे मांडले, तेव्हा दुरुस्तीचा आदेश निघायच्या ऐवजी ते सादरीकरणच नष्ट करायला सांगण्यात आले, असे इबन यांनी नोंदवले आहे. कुमार कंपनी सोडून गेले. एप्रिल २००५ मध्ये ठाकूर यांनीही राजीनामा दिला. हातात नोकरी नाही, घरी लहान मूल, आणि डोक्यात अशी माहिती जी आता कंपनीबाहेर फार थोड्या लोकांकडे होती.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ‘व्यवसाय नीती’च्या पेपरात नेमका इथे प्रश्न थांबतो: ठाकूर यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? उपयुक्ततावाद, हक्क आणि न्याय या तिन्ही दृष्टींनी उत्तर द्या. विद्यार्थी तीन शीर्षके टाकतात, प्रत्येकाखाली बेंथम, कांट आणि रॉल्स यांची दोन-दोन वाक्ये लिहितात आणि शेवटी ‘म्हणून तक्रार करावी’ असे ठरवून टाकतात. हे उत्तर मला कधीच पटले नाही. एकाच निर्णयावर तीन शिक्के मारून घेण्यासाठी या तीन दृष्टी नाहीत. पहिली जिथे अडते तिथे दुसरी कामाला लागते, आणि दुसरीच्या नजरेतून जे सुटते ते तिसरीला दिसते. रॅनबॅक्सीचे प्रकरण या दृष्टीने सावकाश वाचण्यासारखे आहे.

आधी बनावट म्हणजे काय, ते पाहू. गोळीच्या पाकिटावर मुदत संपण्याची तारीख असते. ती ठरवण्यासाठी गोळ्या ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या कपाटात ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी त्यातल्या काही काढून औषधाचा अंश किती उरला, अशुद्धी किती वाढली हे मोजतात. त्याला स्थिरता चाचणी म्हणतात. २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकी न्यायालयात जे कबूल केले त्यात हे होते: तीन-तीन महिन्यांच्या अंतराने करायच्या काही चाचण्या एकाच दिवशी किंवा काही दिवसांच्या आत उरकल्या गेल्या, अहवालात मात्र वेगळ्या तारखा पडल्या आणि काही नमुने त्या कपाटाऐवजी फ्रीजमध्ये होते. हिमाचल प्रदेशातले पावंटा साहिब आणि मध्य प्रदेशातले देवास या दोन कारखान्यांशी संबंधित ही कबुली होती.

इथे एक बारकावा आहे आणि उपयुक्ततावादी हिशेब त्यावरच अडखळतो. आकडे खोटे होते याचा अर्थ प्रत्येक गोळी निकामी होती असा होत नाही. बऱ्याच गोळ्या कदाचित ठीक असतील. कुठल्या ठीक आणि कुठल्या नाहीत, हे कुणालाच माहीत नव्हते, एवढेच खरे.

उपयुक्ततावाद विचारतो: कोणत्या पर्यायाने, ज्यांच्यावर परिणाम होतो त्या सर्वांचे मिळून सर्वाधिक भले होईल? तेव्हा आधी पर्याय मांडायला हवेत, आणि ते बोलणे किंवा गप्प बसणे एवढे दोनच नाहीत. ठाकूर राजीनामा देऊन विषय विसरू शकत होते. नियंत्रकाला गुपचूप कळवू शकत होते. थेट वर्तमानपत्राकडे जाऊ शकत होते. यातला प्रत्येक पर्याय रुग्ण, कंपनीतले हजारो कर्मचारी, भागधारक, भारतातल्या इतर औषध कंपन्या आणि ठाकूर यांचे कुटुंब यांच्यावर वेगवेगळा परिणाम करतो.

गप्प बसण्याच्या बाजूने एक युक्तिवाद होता आणि तो फालतू नव्हता. २००१ च्या सुरुवातीला मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरची तीन औषधांची वर्षभराची मात्रा ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा पेटंटवाल्या कंपन्यांच्या अशाच मात्रेला श्रीमंत देशांत १०,००० डॉलरच्या वर किंमत पडत होती. आफ्रिकेतल्या रुग्णांपर्यंत औषध पोचू लागले ते भारतीय जेनेरिक कंपन्यांमुळे. एका कंपनीची बदनामी झाली तर संशय सगळ्यांवर येईल, स्वस्त औषधांचे विरोधक त्याचा फायदा घेतील, आणि घाबरलेले रुग्ण गोळ्या बंद करतील. मग सदोष गोळी ही गोळीच नसण्यापेक्षा बरी, असे का म्हणू नये?

कारण एड्सच्या औषधाच्या बाबतीत ते खरे नाही. विषाणू दाबून ठेवण्यासाठी रक्तात औषधाची ठरावीक पातळी सतत राहावी लागते. ती कमी पडली तर विषाणू मरत नाहीत, उलट त्या औषधाला दाद न देणारे विषाणू वाढतात. मग तेच औषध नंतर अस्सल मिळाले तरी त्या रुग्णाला उपयोगी पडत नाही, आणि असा विषाणू दुसऱ्याला लागला तर त्यालाही नाही. म्हणजे हानी एका रुग्णापाशी थांबत नाही, पुढे जाते, आणि जी स्वस्त उपचारपद्धती वाचवायची म्हणून गप्प बसायचे तीच निकामी होऊ लागते. औषधशास्त्राचा हा एक मुद्दा हिशेबात धरला की पारडे फिरते. नैतिक प्रश्नात वस्तुस्थितीचा अभ्यास किती करावा लागतो, हे इथे कळते. तत्त्वज्ञानाचे पुस्तक पाठ करून हे उत्तर येत नाही.

याच हिशेबातून दुसरी गोष्टही निघते. थेट वर्तमानपत्राकडे जाण्यापेक्षा नियंत्रकाकडे जाणे बरे, कारण नियंत्रक कारखाना तपासू शकतो, नमुने ताब्यात घेऊ शकतो आणि नेमके सदोष औषध थांबवू शकतो. बातमी मात्र चांगल्या-वाईट सगळ्याच गोळ्यांवर एकदम पडते. काय करायचे याइतकेच ते कुणाकडे करायचे, हेही उपयुक्ततावाद सांगू शकतो. पेपरातल्या उत्तरांत हा भाग बहुधा नसतो.

तरीही या हिशेबाची एक जुनी दुखरी जागा आहे. फोर्ड कंपनीच्या पिंटो गाडीचे उदाहरण सगळ्या पाठ्यपुस्तकांत असते. १९७० च्या दशकातल्या तिच्या एका टिपणात १८० मृत्यू प्रत्येकी २ लाख डॉलर, १८० भाजलेल्या व्यक्ती प्रत्येकी ६७ हजार डॉलर आणि २,१०० जळालेल्या गाड्या प्रत्येकी ७०० डॉलर असे धरून टाळता येणारे नुकसान सुमारे ४ कोटी ९५ लाख डॉलर काढले होते. उलट सव्वा कोटी वाहनांना प्रत्येकी ११ डॉलरची दुरुस्ती म्हणजे १३ कोटी ७५ लाख डॉलर. पुष्कळ पुस्तके हा कागद पिंटोच्या मागच्या धडकेचा हिशेब म्हणून छापतात. प्रत्यक्षात तो गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीच्या प्रस्तावित नियमाविषयी होता, सर्व कंपन्यांची वाहने धरून सरकारी नियंत्रकासाठी केलेला होता, आणि माणसाच्या जिवाची २ लाखांची किंमतही नियंत्रकाच्याच आकड्यांतून आली होती. फोर्डला दोषमुक्त करायचा माझा हेतू नाही. हिशेब करणाराच कुणाला मोजायचे, किती मोजायचे आणि कोणते पर्याय कागदावर येऊच द्यायचे नाहीत हे ठरवत असतो. रॅनबॅक्सीत तर मोजायला आकडेही नव्हते, कारण खरे आकडे कुणी घेतलेलेच नव्हते. किती रुग्णांना अपाय झाला, याचे उत्तर ठाकूर देऊच शकत नव्हते.

हक्कांची दृष्टी नेमकी इथे उपयोगी पडते, कारण तिला अपायाची मोजदाद लागत नाही. कांटने १७८५ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा असा की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्याला स्वतःचा निर्णय घेता आला पाहिजे. पाकिटावरची तारीख हे रुग्णाला दिलेले वचन आहे. त्या वचनावर विसंबून तो गोळी गिळतो. त्यामागची चाचणी झालीच नसेल, तर गोळी योगायोगाने चांगली निघाली तरी रुग्णाची फसवणूक त्याच क्षणी झालेली असते. एकही माणूस आजारी पडला नाही असे उद्या सिद्ध झाले, तरी हा अपराध उरतोच. ‘पुरावा कुठे आहे की कुणी मेले?’ हा प्रश्न अशा प्रकरणांत नेहमी विचारला जातो. हक्कांच्या दृष्टीने तो प्रश्नच गैरलागू आहे.

पण हक्क फक्त रुग्णाला नसतात. कंपनीला आपली गुपिते जपण्याचा हक्क असतो आणि ठाकूर यांनी गोपनीयतेचे बंधन स्वीकारलेले होते. ज्या सहकाऱ्यांची नावे कागदांत येतील त्यांना आपली बाजू मांडण्याचा हक्क होता. यातल्या पहिल्याचे उत्तर मला सोपे वाटते. गोपनीयतेचा करार औषधाची कृती लपवण्यासाठी असतो. गुन्हा लपवण्यासाठी केलेला करार कुणालाही बांधत नाही. दुसऱ्याचे उत्तर तितके सोपे नाही, आणि म्हणूनच तक्रार करणाऱ्याने कागद काय सांगतो तेवढेच सांगावे, माणसांच्या हेतूंविषयी बोलू नये, हे पथ्य हक्कांच्या दृष्टीतूनच येते. प्रयोगशाळेत वरून आलेल्या हुकमावरून तारीख बदलणारा तरुण रसायनतज्ज्ञ आणि तो हुकूम देणारा अधिकारी यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

हा मुद्दा व्यवसाय नीतीच्या अभ्यासात १९८१ पासून आहे. जेराल्ड कॅव्हानाह, डेनिस मोबर्ग आणि मॅन्युएल व्हेलास्केझ या तिघांनी त्या वर्षी लिहिलेल्या एका निबंधात उपयुक्तता, हक्क आणि न्याय ही तीन निकषांची मांडणी एकत्र आली आणि तिथून ती जगभरच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांत पसरली. त्या निबंधाचा निम्मा भाग आज वर्गात गळून गेला आहे. तिन्ही निकष एकमेकांशी भांडले तर काय, आणि निर्णय घेणाऱ्याकडे पुरेशी माहिती किंवा मोकळीक नसेल तर काय, हेही लेखकांनी विचारले होते. दबावाखाली असलेल्या माणसाकडून तीच कृती झाली तर तिचा दोष कमी होऊ शकतो, असे ते मानत. दबाव किती होता, हे मात्र दाखवावे लागते.

आता न्याय. माझ्या मते रॅनबॅक्सीच्या प्रकरणाचे सर्वांत झोंबणारे रूप इथे दिसते. ठाकूर यांच्या गटाला आढळलेली बनवाबनवी सर्वत्र सारखी नव्हती. जिथे नियंत्रक कडक, तपासनीस येण्याची शक्यता जास्त आणि खटल्याची भीती, तिथे काळजी तुलनेने अधिक घेतली जात होती. जिथे नियंत्रक दुबळा, तिथे कागद सर्वांत पोकळ. आफ्रिकेतले देश, लॅटिन अमेरिका आणि खुद्द भारत हे त्या दुसऱ्या गटात होते. म्हणजे औषधाची खात्री रुग्णाच्या आजारावर ठरत नव्हती. तो कुठल्या देशात जन्मला, यावर ठरत होती.

जॉन रॉल्सने १९७१ च्या आपल्या ग्रंथात एक कसोटी सुचवली. समाजाचे नियम ठरवताना आपण त्या समाजात कोण असणार हे आपल्याला ठाऊक नाही असे समजा. मग विचारा: मी न्यू जर्सीतला विमाधारक असेन, युगांडातली एड्सग्रस्त आई असेन, गुडगावचा अधिकारी असेन की देवासच्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभा असलेला शेतमजूर, हे माहीत नसताना मी ‘बाजार पाहून चाचणी’ हा नियम मान्य करीन का? गरीब देशांसाठी औषध स्वस्त ठेवणे या कसोटीवर टिकते. गरीब देशांसाठी चाचणी खोटी ठेवणे टिकत नाही. उपयुक्ततावादी बेरजेत हे दोन्ही ‘गरिबांपर्यंत औषध पोचले’ या एकाच रकान्यात जाऊन बसू शकतात; न्यायाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तिन्ही दृष्टी धोका आणि अन्याय दाखवतात, पण ठाकूर यांनी बोललेच पाहिजे होते का, हा प्रश्न अजून उरतो. स्वतःचे आयुष्य पणाला लावण्याची सक्ती नीती करू शकते का? व्हिसलब्लोअरला मराठी वर्तमानपत्रे जागल्या म्हणतात. जागल्याच्या कर्तव्याविषयीची नेमकी मांडणी अमेरिकी तत्त्वज्ञ रिचर्ड डी जॉर्ज यांनी केली आणि तीही पिंटोच्याच निमित्ताने. त्यांच्या मते तीन अटी पुऱ्या झाल्या की बाहेर बोलणे योग्य ठरते: लोकांना गंभीर हानीचा धोका असावा, वरिष्ठांना सांगून झालेले असावे, आणि संचालक मंडळापर्यंतचे कंपनीतले सर्व मार्ग संपलेले असावेत. आणखी दोन पुऱ्या झाल्या तर ते कर्तव्यच होते: त्रयस्थ, समंजस माणसाला पटेल असा लेखी पुरावा हाती असावा, आणि बोलल्याने हानी थांबेल असे मानायला सबळ कारण असावे.

ठाकूर यांना हे लावून पाहा. धोका गंभीर होता. वरिष्ठांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वरिष्ठांनीच चौकशी करायला लावली होती. ती संचालकांच्या समितीपर्यंत जाऊन तिथेच गाडली गेली. पुरावा लेखी होता. अडते ते पाचव्या अटीवर. ठाकूर यांनी २००५ मध्ये टोपण नावाने जागतिक आरोग्य संघटनेला आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला ई-मेल लिहिले. प्रतिसाद सुरुवातीला थंड होता. ऑगस्टमध्ये त्यांनी पुन्हा, अधिक वरच्या अधिकाऱ्यांना लिहिले. आपले ऐकले जाईलच याची खात्री त्यांना तेव्हा नव्हती, आणि डी जॉर्ज यांच्या मोजमापाने पाहिले तर त्या दिवशी त्यांचे बोलणे योग्य होते, पण बंधनकारक होते असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यांनी कर्तव्यापेक्षा जास्त केले, असे माझे मत आहे. परीक्षेतल्या उत्तरात हा फरक लिहायला हवा. ‘बोलणे योग्य’ आणि ‘न बोलणे दोषास्पद’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि गप्प राहिलेल्या इतर कर्मचाऱ्यांना दोष देताना पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही.

पुढचे घडायला वर्षे लागली. फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकी तपासनीस पावंटा साहिबला गेले. सप्टेंबर २००८ मध्ये त्या कारखान्यातून आणि देवासहून येणाऱ्या तीसहून अधिक औषधांना अमेरिकेने बंदी केली. त्याच वर्षी जपानच्या दाइइची सांक्योने रॅनबॅक्सी विकत घेण्याचा मोठा व्यवहार केला होता. नंतर फसवणुकीची तक्रार घेऊन ती जुन्या मालकांविरुद्ध लवादात गेली आणि जिंकली. १३ मे २०१३ रोजी रॅनबॅक्सीच्या अमेरिकी उपकंपनीने सात गंभीर गुन्हे कबूल केले. दंड आणि तडजोड मिळून ५० कोटी डॉलर भरायचे ठरले. अमेरिकेत १८६३ पासून असा कायदा आहे की सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीतला वाटा मिळतो. त्यानुसार ठाकूर यांना सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर मिळाले.

न्यायाची दृष्टी इथे पुन्हा वापरावी लागते, कारण नुकसानभरपाई हाही न्यायाचाच भाग आहे. ते ५० कोटी डॉलर अमेरिकी केंद्र सरकार आणि तिथली राज्ये यांच्याकडे गेले. पोकळ कागदांवर ज्यांना औषध विकले गेले त्या आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या रुग्णांना त्यातले काही मिळाले नाही. २०१६ मध्ये ठाकूर भारतातल्या औषध नियंत्रणाविषयी जनहित याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात आले. न्यायालयाने ती ऐकून घेतली नाही.

आणि जागल्याच्या संरक्षणाचे काय? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरव्यवहाराविषयी पंतप्रधानांना पत्र लिहिले होते. आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती त्यात होती. पत्र त्यांच्या नावासकट कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत गोळ्या घालून त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटीतला खून ठरला, तरी नाव उघड झाले होते हे खरेच राहिले. त्यानंतर उठलेल्या गदारोळात, एप्रिल २००४ मध्ये, केंद्र सरकारने अशा तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. ते सरकारी आणि सार्वजनिक संस्थांपुरते होते. चारच महिन्यांनी गुडगावमध्ये फायली उघडणाऱ्या ठाकूर यांच्यासाठी त्यात काहीच नव्हते.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार आता शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवावी लागते आणि गरज पडल्यास कर्मचाऱ्याला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येते. पण ज्या कंपनीत संचालकांपुढचे सादरीकरणच नष्ट होते, तिथे हा मार्ग कर्मचाऱ्याला पुन्हा त्याच दारापाशी आणून सोडतो. संसदेने २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा मंजूर केला. तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे, निनावी तक्रार त्यात चालत नाही, खासगी कंपन्या त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि राष्ट्रपतींची मान्यता मिळूनही तो लागू करण्याची अधिसूचना सरकारने काढलेली नाही.